ऑफिसच्या मेलमधले शालजोडीतले: आलेला मेल वाचायचा कसा

नोकरीला नव्याने लागलेल्या माणसाला ऑफिसातले सगळे मेल सारखेच सभ्य वाटतात. 'काइंडली', 'जस्ट', 'जेंटल', 'थँक्स' हे शब्द जिकडेतिकडे पेरलेले असतात. कुणी आवाज चढवत नाही, कुणी वाकडा शब्द वापरत नाही. मग शेजारच्या टेबलावरचा जुना सहकारी तुमच्या स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, "अरे, चांगल्याच चिडल्यात की त्या तुझ्यावर." तुम्ही मेल पुन्हा वाचता. त्यात रागाचा एकही शब्द सापडत नाही. तरी त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं.

मेल कसा लिहावा हे पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगतं, पण आलेला मेल कसा वाचावा हे सहसा कुणीच सांगत नाही. नवीन माणसाचं यात खरंच नुकसान होतं. त्याला टोमणा कळत नाही, म्हणून तो शांत राहतो. समोरच्याला त्या शांतपणात बेफिकिरी दिसते आणि पुढचा मेल आणखी धारदार येतो. किंवा उलट होतं: प्रत्येक मेलमध्ये टोमणा दिसायला लागतो आणि रात्रीची झोप उडते. अशा वाक्यांच्या याद्या भरपूर फिरत असतात, पण त्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण तेच वाक्य एका मेलमध्ये टोमणा असतं आणि दुसऱ्या मेलमध्ये साधी आठवण. म्हणून आपण मेलची एकच साखळी घेऊ आणि ती सावकाश वाचू.

समजा, तुम्ही नवीन आहात आणि हिशेब विभागातल्या एका वरिष्ठ मॅडमना तुमच्याकडून काही आकडे हवे आहेत.

सोमवार, 2 तारीख. मॅडमचा मेल येतो: हाय, फेब्रुवारीच्या खर्चाचे आकडे शाखावार हवे आहेत, फॉरमॅट सोबत जोडला आहे, बुधवारी संध्याकाळपर्यंत मिळाले तर बरं होईल. शेवटी 'थँक्स!' आणि खाली नुसतं पहिलं नाव. तुम्ही 'शुअर मॅडम' असं उत्तर देता.

बुधवार, 4 तारीख. तुम्ही आकडे पाठवता, पण ते सगळ्या शाखांचे मिळून एकत्र आहेत. सोबत विचारता, 'शाखावार दाखवायला काही फॉरमॅट आहे का?' संध्याकाळी उत्तर येतं: 'ॲज पर माय लास्ट मेल, फॉरमॅट त्यात जोडलेला आहे. फॉर युअर रेडी रेफरन्स, पुन्हा जोडत आहे.' खाली 'रिगार्ड्स' आणि पूर्ण नाव, हुद्द्यासकट. तुम्ही फॉरमॅट उघडता आणि कामाला लागता. उत्तर काही देत नाही, कारण एकदम पूर्ण शीटच पाठवू असं तुम्हाला वाटतं.

शुक्रवार, 6 तारीख. 'जस्ट चेकिंग इन. आय ॲम शुअर यू आर बिझी, पण यावर काही अपडेट?'

सोमवार, 9 तारीख. 'ॲडिंग सर फॉर व्हिजिबिलिटी. जस्ट टू रिकॅप: शाखावार आकडे 2 तारखेला मागितले होते. फॉरमॅट 2 आणि 4 तारखेला पाठवला. 6 तारखेला आठवण केली. आकडे अजून मिळालेले नाहीत. प्लीज लेट मी नो इफ एनीथिंग इज अनक्लिअर फ्रॉम माय साइड.' सीसीमध्ये आता तुमचे साहेब आहेत.

आता बुधवारच्या मेलपासून सुरू करू.

वाक्य काढून बघा

टोमणा ओळखायची माझी एक साधी रीत आहे. संशय आलेला शब्दसमूह मेलमधून काढायचा आणि उरलेल्या मेलवर काम होतं का ते बघायचं. बुधवारच्या मेलमधून 'ॲज पर माय लास्ट मेल' काढून टाका. उरतं: फॉरमॅट पुन्हा जोडत आहे. तुम्हाला हवं ते सगळं यात आहे. म्हणजे ते चार-पाच शब्द कामासाठी आलेले नव्हते, ते तुमच्याबद्दल आलेले होते. ते म्हणतात: मी हे आधीच लिहिलं होतं आणि तुम्ही वाचलं नाही.

गंमतीचा भाग असा की 'तुम्ही वाचलं नाही' हे वाक्य मेलमध्ये कुठेच नाही. ते वाक्याच्या पोटात गृहीत धरलेलं आहे. सरळ आरोप केला असता तर तुम्हाला तो नाकारता आला असता. गृहीत धरलेली गोष्ट नाकारायची तर आधी ती स्वतःच्या तोंडाने उच्चारावी लागते, आणि तिथेच माणूस अडकतो. 'मी वाचला होता, पण जोडलेली फाइल बघायची राहिली' असं लिहिलं की कबुलीजबाब तुमच्याच हातचा.

हे वाक्य एवढं प्रसिद्ध आहे की अडोबी कंपनीने 2018 साली अमेरिकेत नोकरदारांची पाहणी केली, तेव्हा मेलमधल्या सर्वांत वैताग आणणाऱ्या वाक्यांत ते दुसरं आलं. 13 टक्के लोकांनी ते निवडलं. पहिलं आलं त्याचंच भावंड, 'नॉट शुअर इफ यू सॉ माय लास्ट ईमेल', 25 टक्क्यांसह. मला तो क्रम अगदी पटतो. 'ॲज पर' निदान रोखठोक आहे. 'तुम्ही माझा मेल पाहिला की नाही कळलं नाही' यात मात्र शंकेचा आव आहे. तुम्ही पाहिला हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं, आणि त्याला ते माहीत आहे हे तुम्हालाही माहीत असतं.

'फॉर युअर रेडी रेफरन्स' एरवी निरुपद्रवी आहे. इथे ते बोचतं, कारण ते 'ॲज पर माय लास्ट मेल'च्या पाठोपाठ आलं आहे. एकटा असा शब्दसमूह आला तर सोडून द्यावा. दोन एकाला एक लागून आले तर लिहिणाऱ्याने शब्द निवडून ठेवले आहेत असं समजायला हरकत नाही.

आणि आता 'रिगार्ड्स'. सोमवारी 'थँक्स!' होतं आणि नुसतं पहिलं नाव होतं. बुधवारी उद्गारचिन्ह गेलं, 'थँक्स' गेलं आणि पूर्ण नाव हुद्द्यासह आलं. 'रिगार्ड्स' हा काही रागाचा शब्द नाही. कित्येक माणसं आयुष्यभर तेवढंच लिहितात. इथे बघायचा तो बदल. त्याच माणसाने त्याच कामासाठी दोन दिवसांपूर्वी कसं लिहिलं होतं आणि आज कसं लिहिलं आहे, यातलं अंतर जेवढं सांगतं तेवढं कुठलंही वाक्य सांगत नाही. एक खबरदारी मात्र घ्या. मोबाइलवरून पाठवलेल्या मेलची सही आणि कॉम्प्युटरवरून पाठवलेल्या मेलची सही वेगळी असू शकते, आणि ती आपोआप पडते. म्हणून नुसत्या सहीवरून निष्कर्ष काढू नका. 'थँक्स'सारखे हाताने टाइप केलेले शब्द बदलले आहेत का ते बघा.

न मागता दिलेली माफी

शुक्रवारचं 'आय ॲम शुअर यू आर बिझी' नवख्या माणसाला समजूतदारपणाचं वाटतं. पुष्कळदा ते तसं असतंही. पण क्रम बघा. तुम्ही कुठेही 'कामात आहे' असं सांगितलेलं नाही, उशिराचं कारण दिलेलं नाही. तरी मॅडम तुमच्या वतीने कारण देऊन मोकळ्या झाल्या आहेत. म्हणजे माफी आधी आली आणि तिच्या पदराआड गुन्हा नोंदवला गेला. तुम्ही 'नाही हो, तेवढा बिझी नव्हतो' म्हणालात तर मग उशीर का, आणि 'हो, फार बिझी होतो' म्हणालात तर आमचं काम तुमच्या लेखी शेवटचं, असा त्याचा अर्थ होतो.

या वाक्यात तुमच्यासाठी एक उपयोगी खबरही आहे, ती टोमण्याच्या नादात हातची जाऊ देऊ नका. बुधवारी तुम्ही गप्प राहिलात ते त्यांना खटकलं आहे. तुमच्या बाजूने काम चालू होतं, त्यांच्या बाजूने मात्र मेल विहिरीत पडल्यासारखा होता. शुक्रवारचा मेल हा अजून दोघांतलाच मेल आहे. तो तिथे मिटवता येतो, अगदी एका ओळीत. त्या दिवशी 'फॉरमॅट मिळाला मॅडम, निम्म्या शाखा झाल्या आहेत, सोमवारी दुपारी 3 पर्यंत पूर्ण शीट देतो' एवढं गेलं असतं तर 9 तारखेचा मेल बहुधा आलाच नसता.

तिसरा वाचक

9 तारखेच्या मेलमध्ये पहिल्यांदा वाचायची जागा मजकुरात नाहीच, ती वर आहे: 'टू' आणि 'सीसी'. ही सवय आजपासून लावून घ्या. मेल उघडला की आधी तो कुणाकुणाला गेला आहे ते बघायचं, मग मजकूर वाचायचा. नाव नवीन असेल तर मजकुराचा अर्थही नवीन असतो.

'जस्ट टू रिकॅप' नंतर तारखांची माळ आहे. त्या तारखा मॅडमना माहीत आहेत, तुम्हालाही माहीत आहेत. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट कुणी सविस्तर लिहून काढत नाही. लिहिली आहे ती तिसऱ्यासाठी, म्हणजे साखळी न वाचलेल्या तुमच्या साहेबांसाठी. साहेब खालचे पाच मेल उघडतील याची शाश्वती नाही. वरच्या पाच ओळी मात्र नक्की वाचतील. त्यामुळे त्यांच्यासाठी घडलेली हकीकत तीच, जी या पाच ओळींत आहे.

आता त्या ओळींत काय नाही ते बघा. 4 तारखेला तुम्ही आकडे पाठवले होते. एकत्र का होईना, पण मुदतीत पाठवले होते. फॉरमॅटबद्दल विचारलंही होतं. रिकॅपमध्ये यातलं काहीच नाही. प्रत्येक ओळ खरी आहे, तरी ती वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही आठवडाभर काहीच केलं नाही. रिकॅपमधला टोमणा असा वगळलेल्या ओळीत लपतो. म्हणून रिकॅप आला की त्यातल्या वाक्यांवर चिडण्याआधी कागदावर स्वतःचा क्रम लिहून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. काय गळलं आहे ते लगेच दिसतं. आणि काहीच गळलेलं नसेल, तर तो टोमणा नव्हे, ती नोंद आहे. ती मान्य करून काम पुढे न्यावं.

'फॉर व्हिजिबिलिटी' हे तक्रारीचं सभ्य नाव आहे. 'लूपिंग इन सर' हेही तेच. शेवटचं वाक्य, 'माझ्याकडून काही अस्पष्ट राहिलं असेल तर सांगा', ऐकायला नम्र आहे. पण वर दोनदा फॉरमॅट पाठवल्याची नोंद आहे. म्हणजे त्यांच्या बाजूने काहीच अस्पष्ट राहिलेलं नाही हे त्यांनीच सिद्ध करून ठेवलं आहे. मग न कळण्याचं कारण एकच उरतं, आणि ते ओळखायचं काम साहेबांवर सोडलं आहे.

तिसऱ्या वाचकाचा याच जातीचा आणखी एक प्रकार आहे, तो नवख्या लोकांना सहसा ओळखता येत नाही. चूक एकाची असते आणि मेल सगळ्या विभागाला जातो: 'फ्रेंडली रिमाइंडर टू ऑल, शीट पाठवण्याआधी जोडलेला फॉरमॅट वाचावा ही विनंती.' लेकी बोले सुने लागे, तसला हा मेल. पंधरा जणांना काही कळत नाही, सोळाव्याला मात्र बरोबर लागतं. तुम्ही सोळावे आहात असं वाटलं तर 'रिप्लाय ऑल' करून स्पष्टीकरण देऊ नका. तसं केलंत की उरलेल्या पंधरा जणांनाही कळतं की मेल कुणासाठी होता.

सरळ का बोलत नाहीत?

मेल राहतो. तो पुढे पाठवता येतो, दोन वर्षांनी शोधून काढता येतो, वादाच्या वेळी एचआरच्या समोर ठेवता येतो. त्यामुळे ऑफिसात रागावलेल्या माणसाला असं वाक्य लागतं, जे तुम्हाला लागेल पण तिऱ्हाइताला सभ्य दिसेल.

ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 साली छापलेल्या एका निबंधात या यंत्रणेचा पाया सांगितला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बोलणारा गरजेपुरतंच बोलतो असं ऐकणारा धरून चालतो. म्हणून कुणी गरजेपेक्षा जास्त बोललं की ऐकणारा आपोआप कारण शोधतो आणि न बोललेला अर्थ स्वतःच तयार करतो. वर आपण शब्द काढून बघितले, त्यामागे हीच गोष्ट होती. ग्राइस यांनी आणखी एक गुण सांगितला: असा सुचवलेला अर्थ बोलणाऱ्याला मागे घेता येतो. 'छे, मी तर फक्त फॉरमॅट कुठे आहे ते सांगत होते' असं मॅडम म्हणू शकतात, आणि लिहिलेल्या शब्दांवरून त्यांना खोटं पाडता येणार नाही. पुढे पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी सभ्यतेवर काम करताना अशा बोलण्याला 'ऑफ रेकॉर्ड' म्हटलं. लेखी मेलमध्ये ऑफ रेकॉर्ड बोलायची सोय, एवढंच या सगळ्या वाक्यांचं खरं काम.

यातून नवख्या माणसाने एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी: 'तुम्ही मला टोमणा मारलात' असा आरोप कधीही लेखी करू नका. तो सिद्ध होत नाही. उलट सभ्य मेलला भांडखोर उत्तर दिल्याची नोंद तुमच्या नावावर पडते.

जिथे टोमणा नसतो

आता दुसरी बाजू, कारण हे सगळं वाचून प्रत्येक मेलकडे संशयाने बघायला लागणं हेही तितकंच वाईट. 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ईमेलवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे ईमेलने पाठवायची, आणि समोरच्याने कुठलं कुठलं ते ओळखायचं, असा त्यातला एक प्रयोग होता. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की सुमारे 78 टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल. प्रत्यक्षात कळलं सुमारे 56 टक्के वेळा, आणि नाणं उडवून सांगितलं असतं तरी 50 टक्के बरोबर आलं असतं. तेच आवाजातून ऐकवल्यावर पुष्कळ जास्त कळलं. म्हणजे लेखी मजकुरातला सूर ओळखण्यात आपण सगळेच कच्चे आहोत, आणि लिहिणाऱ्यालाही आपला सूर कसा पोहोचतो आहे याचा पत्ता नसतो.

'जेंटल रिमाइंडर' बहुतेक ठिकाणी निव्वळ साचा झाला आहे. पुष्कळदा तो माणूस लिहीतही नाही, सिस्टिम पाठवते. 'प्लीज डू द नीडफुल' हेही तसंच. ते जुन्या कारकुनी इंग्रजीतून आलेलं कोरडं वाक्य आहे, त्यात राग शोधू नये. 'नोटेड' एवढंच उत्तर आलं तर ते मोबाइलवरून घाईत दिलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि ऑडिट, खरेदी, करारमदार अशा कामांत तारखांसकट रिकॅप लिहिणं हा नियमच असतो. तिथे मॅडमचा 9 तारखेचा मेल जवळपास तसाच्या तसा कुणालाही गेला असता.

खात्री करायची तर त्या माणसाचे जुने मेल काढा, शक्यतो दुसऱ्या कुणाला गेलेले आणि तुम्ही सीसीमध्ये असलेले. ती व्यक्ती सगळ्यांनाच 'ॲज पर माय लास्ट मेल' लिहीत असेल तर ती तिची सवय आहे. तुम्हालाच आणि याच आठवड्यात लिहायला लागली असेल तर ती सवय नव्हे.

9 तारखेच्या मेलला उत्तर

नवखा माणूस इथे तीनपैकी एक गोष्ट करतो. टोमण्याला टोमणा देतो: 'थँक यू फॉर द काइंड क्लॅरिफिकेशन.' किंवा अर्धं पान स्पष्टीकरण लिहितो. किंवा घाबरून साहेबांचं नाव सीसीतून काढतो आणि मॅडमना एकटीला उत्तर देतो. तिसरं सर्वांत महागात पडतं, कारण साहेबांच्या डोळ्यांसमोर मॅडमच्या पाच ओळीच शेवटच्या राहतात आणि तुम्ही उत्तर दिलंत हे त्यांना कळतच नाही.

उत्तर त्याच साखळीत, साहेबांना सीसीमध्ये ठेवून, असं जावं:

'मॅडम, शाखावार शीट आज दुपारी 3 वाजेपर्यंत पाठवतो. 4 तारखेला एकत्रित आकडे पाठवले होते, ते फॉरमॅटमध्ये नव्हते, म्हणून पुन्हा केले आहेत. एक शाखा सोडून सगळ्या तयार आहेत. त्या शाखेची बिलं आज सकाळी आली. 4 तारखेनंतर कळवायला हवं होतं, ते राहिलं, सॉरी.'

पहिल्या वाक्यात काम आणि वेळ आहे, कारण दोघांनाही आधी तेच हवं आहे. दुसऱ्यात गळलेली ओळ परत आणली आहे, पण 'तुम्ही हे सांगितलं नाही' असं न म्हणता. फॉरमॅट चुकला हे आपणच सांगून टाकलं आहे, म्हणजे ते दुसऱ्या कुणी काढायचं उरत नाही. माफी फक्त न कळवल्याबद्दल आहे, कारण चूक तेवढीच होती. 'एक्स्ट्रीमली सॉरी फॉर एव्हरीथिंग' असं लिहिलंत तर न केलेल्या चुकाही तुमच्या नावावर जातात. 'रिकॅप', 'व्हिजिबिलिटी', 'अनक्लिअर' यांतल्या कशालाही उत्तर दिलेलं नाही.

मग 3 वाजता शीट पाठवा, 3 वाजून 10 मिनिटांनी नाही. आणि पाठवल्यावर मॅडमना फोन करा किंवा त्यांच्या टेबलापाशी जा: "मॅडम, शीट पाठवली आहे, एकदा बघता का? पुढच्या महिन्यात याच फॉरमॅटमध्ये देतो." मेलमधल्या टोमण्याचा विषय काढायचाच नाही. बहुतेकदा समोरून "अहो, तसं काही नाही, मला वरून विचारणा होत होती" असं काहीतरी येतं, आणि त्यात पुष्कळ खरं असतं. मॅडमच्या डोक्यावरही कुणाचा तरी रिमाइंडर होता. हे मेलमधून कधीच कळलं नसतं.

तुमच्या हातून जाणारे टोमणे

नवीन माणूस जुन्यांचे मेल बघून इंग्रजी उचलतो, आणि त्यात काही वाक्यं अशी येतात की ती कुणाला लागतील हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. 'ॲज यू आर अवेअर' त्यातलं एक. समोरच्याला माहीत असेल तर लिहायची गरज नाही. नसेल तर त्याला अडाणी ठरवल्यासारखं होतं. 'प्लीज ॲडव्हाइज' एकटं वाक्य म्हणून शेवटी टाकलं की ते जाब विचारल्यासारखं वाचलं जातं. त्याऐवजी नेमका प्रश्न लिहा, 'यातली कुठली तारीख धरू?' 'थँक्स इन ॲडव्हान्स' मोठ्या कामाच्या मागणीला जोडू नये, कारण समोरच्याने हो म्हणायच्या आधीच तुम्ही होकार घेऊन टाकलेला असतो. आणि 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' कुठेच नको. त्याच्या मागून अनादरच येणार हे वाचणाऱ्याला पाठ झालेलं असतं.

कधी तुमच्यावरही वेळ येईल. तुम्ही दोनदा लिहिलेली गोष्ट कुणीतरी तिसऱ्यांदा विचारेल आणि 'ॲज पर माय लास्ट मेल' बोटांवर येईल. तेव्हा जुन्या मेलकडे बोट न दाखवता त्यातली माहितीच पुन्हा लिहा: 'शाखावार फॉरमॅट सोबत जोडला आहे, दुसऱ्या शीटमध्ये नमुना भरून ठेवला आहे.' तुम्ही आधी कळवलं होतं याची नोंद हवीच असेल तर त्याच साखळीत उत्तर द्या. जुना मेल तारखेसकट खाली आपोआप राहतो. आणि कुणा वरिष्ठाला सीसीमध्ये घ्यावंच लागणार असेल, तर आधी त्या माणसाला फोन करून सांगा: "हे अडलंय, मला साहेबांना कळवावं लागेल, उद्या सकाळी मेल टाकतो." बऱ्याचदा काम त्या संध्याकाळीच येतं आणि मेल टाकावाच लागत नाही.